कंट्रोलला कळवलंय का?

मेळ्याच्या संयोजन समितीतली जी माणसं वर्षभर एकाही बैठकीला वेळेवर येत नाहीत, ती वॉकी-टॉकी वाटपाच्या सकाळी मात्र सातच्या ठोक्याला हजर असतात. बिल्ला काय, सगळ्यांनाच मिळतो. चहाच्या कूपनांसारखा तो मागेल त्याला देतात. वॉकी मोजकेच असतात. कमरेला वॉकी लटकला की माणसाची चाल बदलते, आवाज दोन पट्ट्या खाली येतो आणि बायकोने काही विचारलं तरी तो आधी कानाला हात लावतो.

आमच्या उपनगरातल्या शाळेच्या मैदानावर डिसेंबरात दोन दिवस मेळा भरतो. स्टेज तीन. मुख्य स्टेजवर पाहुणे, सत्कार आणि सुगम संगीत. दोन नंबरचं स्टेज शाळेच्या इमारतीला पाठ लावून, तिथे बालनाट्यं आणि नाच. तीन नंबरचं खाऊगल्लीच्या टोकाला, तिथे गोंधळ, भारूड आणि मिसळीचा वास. या तिन्हींना सांभाळायला बारा वॉकी भाड्याने आणलेले, आणि ते हवे असणारे सव्वीस जण.

आता कुणी म्हणेल, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना हे खेळणं कशाला? संध्याकाळी सात वाजता भरल्या मैदानावरून फोन लावून पाहा. हजारो माणसं आपापल्या लेकरांचे व्हिडिओ एकाच वेळी गावी पाठवत असतात, त्यामुळे टॉवर गुदमरतो आणि फोन लागत नाही. लागलाच तरी तो एकालाच लागतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर कळवावं, तर ‘जनरेटर बंद पडला’ या संदेशाला पहिल्या मिनिटात चार अंगठे येतात आणि जनरेटरवाला तो संदेश रात्री घरी गेल्यावर वाचतो. वॉकीचं बटण दाबलं की बाकी सगळ्यांना त्याच क्षणी ऐकू येतं. याच गुणात त्याचा दोषही आहे. एक बोलत असताना बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचं असतं, कारण दोघांनी एकदम बटण दाबलं तर एकाचंही धड ऐकू येत नाही. म्हणजे बारा वॉकी असले तरी एका चॅनलवर तोंड एकच असतं. समितीच्या इतिहासात ही अट आजवर कुणीच पाळलेली नव्हती.

बारा वॉकींची वाटणी खरं तर सोपी आहे. एक कंट्रोलला, तीन स्टेजप्रमुखांना, दोन फाटकांना, एक विजेच्या माणसाला, एक प्रथमोपचाराच्या टेबलाला, एक पाहुण्यांची बडदास्त ठेवणाऱ्याला, एक खाऊगल्लीत सतत फिरणाऱ्या माणसाला, आणि उरलेले दोन चार्जरवर. या यादीत अध्यक्ष नाहीत. ही यादी बनवणाऱ्या आमच्या सचिवबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, म्हणून त्या वाचल्या. अध्यक्षांनी विचारलं, “म्हणजे मला नाही?” बाई म्हणाल्या, “तुमच्या शेजारी वॉकी घेतलेला एक मुलगा उभा राहील. तुम्ही बोलायचं नाही, तो बोलेल. खाऊगल्लीत फिरणारा आणि तो एकच.” अध्यक्षांना आपल्याला माणूस मिळाला याचा आनंद झाला. वॉकी मिळाला नाही, हे त्यांच्या दुपारी जेवताना लक्षात आलं.

यामागचं कारण बाईंनी आम्हाला नंतर सांगितलं. अध्यक्षांच्या हाती वॉकी आला की प्रत्येक प्रश्न त्यांनाच विचारला जातो, आणि ते प्रत्येक प्रश्नाला उत्तर देतात. वाईट उत्तर असलं तरी ते अध्यक्षांचं असतं, त्यामुळे ते फिरवता येत नाही. शिवाय त्यांच्या शेजारचा वॉकीवाला मुलगा खाऊगल्लीत फिरत असल्यामुळे अध्यक्षही मिसळीच्या आसपास सापडतात, आणि ते जिथे असतात तिथे असायला हरकत नसते.

कंट्रोल म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. शाळेच्या पहिल्या मजल्यावर सातवी ‘ब’चा वर्ग, खिडकीतून तिन्ही स्टेज दिसतात. फळ्यावर खडूने तिन्ही स्टेजचं वेळापत्रक शेजारी शेजारी. टेबलाशी दोन माणसं : एक बोलणारा आणि एक लिहिणारी. लिहिणाऱ्या मुलीकडे वॉकी नाही, तिच्याकडे दोनशे पानी वही. वेळ, कोणी कळवलं, काय कळवलं, कोणाला सांगितलं, कधी मिटलं, असे पाच रकाने. पहिल्या वर्षी या वहीची थट्टा झाली. दुसऱ्या वर्षी खुर्च्यावाल्याने पन्नास खुर्च्यांचं जास्त बिल लावलं, तेव्हा तीच वही कपाटातून निघाली आणि थट्टा थांबली.

वॉकीवर माणसाचं नाव घ्यायचं नाही, पदाचं घ्यायचं, हा नियम पचायला सगळ्यांत जड गेला. आपल्याकडे मैदानावर ‘दादा’ म्हणून हाक मारली की अकरा जण वळतात आणि बाराव्याला आपल्याला बोलावलं नाही म्हणून राग येतो. त्यात चार वाजता पाळी बदलते. सकाळचा ‘फाटक एक’ घरी जाऊन झोपलेला असतो आणि वॉकी त्याच्या मेहुण्याकडे असतो. म्हणून आधी ज्याला हाक मारायची त्याचं पद, मग आपलं पद, मग थांबायचं. “कंट्रोल, कंट्रोल, स्टेज दोन.” “बोला, स्टेज दोन.” एवढं झाल्यावर मुद्दा. आमच्याकडे पहिल्या दिवशी हे असं झालं : “अहो ऐकताय का, मी बोलतोय.” यावर तिघांनी एकदम उत्तर दिलं, म्हणजे कुणीच दिलं नाही.

बटणाचं शास्त्र वेगळंच आहे. बटण दाबल्या दाबल्या बोललं तर पहिला शब्द हवेत विरतो, कारण वॉकीला पाठवायच्या तयारीला क्षणभर लागतो. म्हणून दाबा, श्वास घ्या, मग बोला. हे बहुतेकांना दोन तासांत जमतं. शेवटचा शब्द खाण्याची सवय मात्र जात नाही. बोलणं संपायच्या आधीच अंगठा सुटतो. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे त्याचे परिणाम भयंकर. “पालकांना विंगेत सोडू नका,” असं स्टेज दोनने सांगितलं. ‘नका’वर अंगठा सुटला. पलीकडे “पालकांना विंगेत सोडू” एवढंच पोचलं, आणि ऐकणाऱ्याने ते होकारार्थी घेतलं, कारण पालक त्याच्या अंगावर आलेले होते. पुढची दहा मिनिटं बालनाट्यातल्या ससा, कासव आणि दोन झाडांना त्यांच्या आया रंगमंचावर येऊन टोप्या नीट करून देत होत्या. त्या दिवसापासून नकारार्थी हुकूम बंद. ‘सोडू नका’ ऐवजी ‘थांबवा’. ‘लावू नका’ ऐवजी ‘बंद ठेवा’. आणि ऐकणाऱ्याने ‘हो हो’ म्हणायचं नाही, जे ऐकलं ते परत म्हणून दाखवायचं. “पालक विंगेबाहेर थांबवतो.” यात चार सेकंद जातात. ससा-कासव प्रकरणात दहा मिनिटं गेली होती.

भाड्याने वॉकी देणारा माणूस देताना म्हणाला होता, “पाच किलोमीटर रेंज आहे.” ती असेलही, मोकळ्या माळरानावर. आमच्याकडे मध्ये शाळेची काँक्रीटची इमारत, पत्र्याचे स्टॉल आणि लोखंडी सांगाड्याचं स्टेज. जनरेटरच्या मागे उभं राहिलं की विजेचा माणूस जगातून नाहीसा होई. म्हणून मेळ्याच्या आदल्या संध्याकाळी एक जण वॉकी घेऊन मैदानभर हिंडला आणि प्रत्येक कोपऱ्यातून कंट्रोलशी बोलला. जिथे आवाज तुटला तिथे नकाशावर फुली. विजेच्या माणसाला सांगितलं, फुलीच्या जागी असलात तर चार पावलं बाहेर या. यापेक्षा स्वस्त दुरुस्ती मी अजून पाहिलेली नाही. कागदपत्रांचंही विचारून घ्यावं लागतं. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या वॉकींना २०१८ पासून आपल्याकडे परवाना लागत नाही. त्याबाहेरच्या दणकट वॉकींना लागतो, आणि ते बाजारात सहज मिळाले म्हणून कायदेशीर होत नाहीत.

वॉकीवर ‘प्रायव्हसी कोड’ नावाची एक सोय असते. तिच्या नावावर आमच्या खजिनदारांचा फार विश्वास होता. तो कोड लावला की दुसऱ्यांचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच. आपलं बोलणं दुसऱ्यांना ऐकू येत नाही असं मुळीच नाही. हा फरक त्यांना पहिल्या दिवशी दुपारी कळला, त्याची हकिगत अशी.

दीडच्या सुमारास चॅनल बंद पडला. म्हणजे कुणालाच बोलता येईना. सगळ्यांच्या वॉकीवरचा हिरवा दिवा सतत पेटलेला, आणि त्यातून भांड्यांचा आवाज. मग एक घास चावल्याचा आवाज. मग खजिनदारांचा आवाज, अगदी स्पष्ट : “अध्यक्षांना हिशेबातलं काय कळतं? त्यांना स्टेजवर चढायचं कळतं.” खजिनदार चार्जरवरचा एक वॉकी पोटाशी अडकवून जेवायला बसले होते, आणि वाकल्यावर पोटाने बटण दाबलं जात होतं. दुसरा घास झाला, मग देणग्यांचा विषय निघाला. अध्यक्षांशेजारच्या मुलाने वॉकीचा आवाज कमी करायचा प्रयत्न केला, तर अध्यक्ष म्हणाले, “राहू दे.”

बटण अडकल्याची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाकी सगळ्यांचा दिवा हिरवा, एकाचाच लाल, आणि ज्याचा लाल त्यालाच काही ऐकू येत नसतं, त्यामुळे त्याला ओरडून काही उपयोग नाही. बहुतेक वॉकींमध्ये अशी सोय असते की सलग मिनिट-दोन मिनिटं बटण दाबलेलं राहिलं तर वॉकी आपोआप गप्प होतो. भाडेवाल्याने ती बंद ठेवली होती, कारण मागे कुठल्याशा पुढाऱ्याचं बोलणं मध्येच तुटलं म्हणून त्याला बोलणी बसली होती. उपाय ठरलेला असावा लागतो, तेव्हाच्या तेव्हा तो ठरवता येत नाही, कारण ठरवायला चॅनलच नसतो. आमचा उपाय असा : चॅनल मिनिटभर अडला तर सगळ्यांनी न सांगता चॅनल पाचवर जायचं. तिथे कंट्रोल एकेका पदाची हजेरी घेतं. जो हजर नाही, तो जेवतोय.

इथवरचं सगळं बोलायचं कसं याबद्दल झालं. कुणाशी बोलायचं हा भाग जास्त अवघड, कारण त्यात मानपान येतो.

आपल्याकडे अडचण वर नेण्याचे दोन जुने मार्ग आहेत. एक म्हणजे ‘बघतो’, म्हणजे अडचण जिथे आहे तिथेच ठेवून तिला सुकू द्यायचं. दुसरा म्हणजे थेट अध्यक्ष. स्वच्छतागृहातलं पाणी गेलं तरी अध्यक्ष, आणि शामियाना कलला तरी अध्यक्ष. यांच्या मधल्या पायऱ्या बाईंनी फळ्यावर आखून दिल्या. पहिली पायरी जागेवरचा स्वयंसेवक. दुसरी स्टेजप्रमुख किंवा फाटकप्रमुख. तिसरी कंट्रोल. चौथी मेळाप्रमुख, म्हणजे अध्यक्ष नव्हेत, तर त्या दिवसापुरता नेमलेला एक बँकेतला शांत माणूस. पाचवी बाहेरची मदत : पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका. अध्यक्ष कितव्या पायरीवर, हे कुणी विचारलं नाही. बाई म्हणाल्या, ते जिन्याच्या शेजारी भिंतीवर, तसबिरीत.

पायऱ्या आखणं सोपं. खरी मेख वर कधी चढायचं हे ठरवण्यात. आमच्याकडे तीन प्रश्न होते. अडचण पाच मिनिटांत माझ्याच्याने सुटेल का? तिचा धक्का दुसऱ्या स्टेजला किंवा दुसऱ्या विभागाला बसेल का? तिला ठरल्यापेक्षा जास्त पैसे लागतील का? सुटणार नसेल, धक्का बसणार असेल किंवा पैसे लागणार असतील, तर एक पायरी वर. बाकी सगळं जागच्या जागी. या जिन्याचा मुख्य उपयोग अडचणी वर पाठवण्यासाठी नसून खाली ठेवण्यासाठी आहे, असं माझं प्रामाणिक मत झालं आहे. निवेदकाच्या पाण्यात बर्फ नाही, ही गोष्ट त्या दिवशी कंट्रोलपर्यंत आली नाही. आदल्या वर्षी ती दोन नगरसेवकांपर्यंत गेली होती.

उशिरासाठी वेगळं कोष्टक होतं. दहा मिनिटांपर्यंतचा उशीर स्टेजप्रमुखाचा. त्याने निवेदकाला सांगावं, निवेदकाने चारोळ्या म्हणाव्यात. दहा ते वीस मिनिटं कंट्रोलची. वीसच्या वर, किंवा दुसऱ्या स्टेजचं वेळापत्रक हलणार असेल तर मेळाप्रमुखाची. आता पाहुणे उशिरा आल्याने काय बिघडतं, असं वाटेल. पाहुणे उशिरा येणं हा मराठी समारंभाचा पहिला कार्यक्रमच असतो. पण तीन स्टेज असली की त्यांच्या वेळा मुद्दाम पुढेमागे ठेवलेल्या असतात. मुख्य स्टेजचा सत्कार साडेसहाला सुरू होऊन सातला संपणार, दोन नंबरचं बालनाट्य सात वीसला संपणार, तीन नंबरचा गोंधळ सात चाळीसला उभा राहणार. का, तर एका स्टेजचे लोक उठून दुसरीकडे जायला निघतात ते खाऊगल्लीतून, आणि गल्ली बारा फूट रुंद. त्यात दोन्ही बाजूंना खाणारे उभे, म्हणजे चालायला सहा फूट.

पहिल्या दिवशी पाहुणे साडेसहाला आले नाहीत. सहा चाळीसला स्टेज एकने कंट्रोलला कळवायला हवं होतं, ते त्याने कळवलं. “कंट्रोल, स्टेज एक. पाहुणे पोचले नाहीत. अंदाज वीस मिनिटं.” वहीत नोंद झाली. इथवर सगळं चोख. पण पाहुण्यांची बडदास्त ठेवणाऱ्या गृहस्थांना वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाबद्दल सातवी ‘ब’ला काय सांगायचं? ते चालत अध्यक्षांकडे गेले आणि कानात म्हणाले, “साहेब सिग्नलला आहेत, अर्धा-पाऊण तास लागेल.” अध्यक्षांना काळजी पडली की बालनाट्य आधी सुटलं तर लोक घरी जातील आणि सत्काराला खुर्च्या रिकाम्या दिसतील. ते स्वतः दोन नंबरच्या विंगेत गेले आणि नाटकाच्या बाईंना म्हणाले, “जरा लांबवा.” राक्षस नुकताच मेला होता. तो उठला. राजपुत्राला काय करावं सुचेना, त्याने पुन्हा मारला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून राक्षस तिसऱ्यांदाही उठला.

याचा कंट्रोलला पत्ता नाही. फळ्यावर बालनाट्य सात वीसलाच संपलेलं. त्यामुळे तीन नंबरला ‘ठरल्या वेळी सुरू करा’ असं सांगितलं गेलं. सात चाळीसला काय झालं पाहा. पाहुणे येऊन, दोन वाक्यं बोलून, पुढच्या कार्यक्रमाला गेले, म्हणून मुख्य स्टेजचे लोक उठले. राक्षस अखेरचा मेला, म्हणून दोन नंबरचे लोक उठले. गोंधळाचं संबळ वाजलं, म्हणून दोघंही एकाच दिशेने निघाले. आणि गल्लीत आधीपासून मिसळ खाणारे.

खाऊगल्लीतल्या फिरत्या माणसाने, म्हणजे अध्यक्षांच्या शेजारच्या त्याच पोराने, बटण दाबलं, श्वास घेतला आणि म्हणाला, “कंट्रोल, कंट्रोल, खाऊगल्ली. पिवळा. लोक सरकत नाहीत. मला माझे पाय दिसत नाहीत.”

शेवटचं वाक्य त्याला शिकवलेलं होतं. गर्दी मोजायला डोकी मोजत बसायचं नसतं. एका चौरस मीटरमध्ये तीन-चार माणसं असली तर धक्काबुक्की करत का होईना, आपण आपल्या मर्जीने चालतो. पाच-सहा झाली की मर्जी संपते. खाली पाहिलं तर जमीन दिसत नाही, लोक हात छातीशी वर घेतात, आणि आपण चालत नसताना आपण सरकतो. ही लक्षणं दिसली की पायरीबियरी काही नाही. अशा चार गोष्टी आम्ही जिन्यातून वगळल्या होत्या : गर्दी अडकणं, आग किंवा विजेचा धक्का, कुणी कोसळणं, आणि मूल हरवणं. यातलं काही दिसलं तर पंधरा वर्षांच्या स्वयंसेवकानेही स्टेजप्रमुखाला न विचारता थेट कंट्रोल गाठायचं, आणि बाकीच्यांनी चॅनल मोकळा सोडायचा. त्यांना सांकेतिक शब्द होते, कारण वॉकी कर्कश असतो आणि शेजारचे आजोबा ऐकत असतात. इंग्लंडातल्या नाटकगृहांत आगीची सूचना कर्मचाऱ्यांना ‘मिस्टर सँड्स’ या नावाने देतात, प्रेक्षकांना वाटतं कुणी गृहस्थ आलेत. आमच्याकडे कुणा गृहस्थाचं नाव ठेवणं धोक्याचं होतं, त्याचे नातेवाईक निघाले असते. म्हणून रंग.

कंट्रोलने पुढच्या सहा मिनिटांत जे केलं ते वहीत आहे. सात बेचाळीस : तीन नंबरला ‘संबळ थांबवा, मंडळींची ओळख करून द्या.’ ओढ तिकडची होती, ती आधी तोडली. सात त्रेचाळीस : मुख्य स्टेजच्या निवेदकाला ‘लकी ड्रॉ जाहीर करा, जागेवर असणाऱ्यांनाच बक्षीस.’ अर्धी माणसं खुर्च्यांकडे परत वळली. लकी ड्रॉ असा काही ठरलेला नव्हता, बक्षिसाला एका स्टॉलची पैठणी उचलावी लागली, ती पैशांची बाब म्हणून मेळाप्रमुखांना विचारली आणि ते ‘हो’ एवढंच म्हणाले. सात चव्वेचाळीस : दोन्ही फाटकांना ‘आत येणारे थांबवा.’ सात पंचेचाळीस : शाळेचं मागचं फाटक उघडलं. त्याची किल्ली शिपाईकाकांकडे असते आणि शिपाईकाका कुठे आहेत हे लिहिणाऱ्या मुलीला खिडकीतून दिसत होतं. सात अठ्ठेचाळीसला गल्लीतून आवाज आला : “कंट्रोल, खाऊगल्ली. पाय दिसतायत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीत सगळे पाहुण्यांना दोष देत होते. पाहुणे तर कोष्टकात बसत होते, त्यांच्यासाठी रकाना होता. बसत नव्हते ते अध्यक्ष, ज्यांनी जिना चढून नव्हे तर भिंतीवरून उतरून थेट दुसऱ्या स्टेजला हुकूम दिला. बाईंनी वहीतला रिकामा रकाना सगळ्यांना दाखवला. अध्यक्ष म्हणाले, “मला वाटलं, कंट्रोलला कुणीतरी कळवलं असेल.” हे वाक्य आता फळ्याच्या वर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतात, प्रश्नचिन्ह लावून.

थांबवण्याचा अधिकार कोणाला, याबद्दलही त्या बैठकीत वाद झाला. २०२१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत ह्यूस्टनला अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड नावाच्या संगीत मेळ्यात गर्दीत चेंगरून दहा जण गेले. तिथल्या लेखी आराखड्यात कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार फक्त दोन माणसांकडे होता. हे वाचून दाखवल्यावर वर्गात थोडा वेळ कुणी बोललं नाही. ठरलं असं की थांबवायचा अधिकार प्रत्येक स्टेजप्रमुखाला, विजेच्या माणसाला आणि कंट्रोलला. पुन्हा सुरू करायचा अधिकार मात्र एकट्या मेळाप्रमुखाला. इशारा खोटा ठरून गाणं अर्धवट थांबलं तरी कुणाला बोल लावायचा नाही. रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद, हा तर कायदाच आहे, त्याला कुणाची परवानगी नको. पावणेदहाला साउंडवाला स्वतःच आवाज उतरवायला लागतो. कलावंत ‘शेवटचं एक’ म्हणतात, तेव्हा तो कानातला वॉकी दाखवतो. त्यात काही चाललेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी एक मूल हरवलं, निळा संकेत. कंट्रोलने ध्वनिवर्धकावरून मुलाचं वर्णन सांगू दिलं नाही. “चार वर्षांची, लाल फ्रॉकची मुलगी सापडली आहे,” असं जाहीर केलं की कुणीही येऊन लाल फ्रॉक सांगू शकतो. पालकांना प्रथमोपचाराच्या टेबलाशी यायला सांगायचं, वर्णन त्यांनी द्यायचं, मुलाजवळ कायम दोन माणसं, आणि मूल ओळखतं का ते पाहून, सही घेऊन मगच ताब्यात. मुलगी बारा मिनिटांत आईजवळ गेली. तिच्यासोबत बसलेल्या दोन स्वयंसेवकांना मात्र तिने त्या वेळात कुल्फी, फुगा आणि भिरभिरं आणायला लावलं, आणि त्याची नोंद वहीत आहे.

यंदाही डिसेंबरात मेळा आहे. वॉकी पुन्हा बाराच, आणि पोटाने दाबला जाणार नाही असा वॉकी मिळतो का, याची खजिनदार स्वतः चौकशी करत आहेत. स्टेजप्रमुख, फाटक, खाऊगल्ली या सगळ्या जागा भरल्या आहेत. कंट्रोलला वहीत लिहायला एक माणूस हवा आहे. अक्षर बरं असावं, खिडकीशी बसायची तयारी असावी. दोन्ही दिवस जेवण मिळेल, कार्यक्रम एकही ऐकायला मिळणार नाही. इच्छुकांनी अध्यक्षांना भेटू नये, बाईंना भेटावं.